नव्या सीईओंची कर्मचाऱ्यांना ओळख: सभा घेणाऱ्यांना पडणारे प्रश्न

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या, शेअर बाजारात नोंदणी असलेल्या एका कंपनीत मी मनुष्यबळ विभागाची प्रमुख आहे. चाकण आणि वाळूजला आमचे कारखाने आहेत, कार्यालय बाणेरला. आमच्या एमडींनी मुदत संपण्याआधी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी कोइमतूरहून एक मॅडम आल्या. आमच्याकडे एमडी आणि सीईओ ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असतात. नव्या मॅडमची सगळ्या कर्मचाऱ्यांना ओळख करून देण्याची सभा माझ्याकडे होती. त्यानंतर इतर कंपन्यांतल्या एचआरच्या सहकाऱ्यांनी आणि आमच्याच खातेप्रमुखांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे इथे देते आहे.

आमचा साहेब बदलला हे आम्हाला टीव्हीवरून का कळावे? कंपनी आधी आम्हाला का सांगत नाही?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, आणि विचारणाऱ्याचे दुखावणे खरे असते. वीस वर्षे एका ठिकाणी काम केलेल्या माणसाला मेहुण्याच्या व्हॉट्सॲपवरून बातमी कळते, तेव्हा आपण घरचे नाहीच असे त्याला वाटते.

पण नोंदणीकृत कंपनीला कर्मचाऱ्यांना आधी सांगता येत नाही. एमडी किंवा सीईओ मुदतीआधी बदलणे ही सेबीच्या नियमांनुसार शेअरच्या किमतीवर परिणाम करू शकणारी माहिती आहे. ती जाहीर होण्याआधी हजार माणसांना सांगितली, तर त्या हजारांपैकी कोणी शेअर विकले किंवा घेतले की तो गुन्हा ठरतो, आणि माहिती फोडल्याचा दोष कंपनीवर येतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: संचालक मंडळाची बैठक, मग बीएसई आणि एनएसईला कळवणे, मग कर्मचारी. बैठक बाजार चालू असताना संपली तर एक्स्चेंजला कळवायला तीस मिनिटे मिळतात. बाजार बंद झाल्यावर संपली तर डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीनंतर तीन तास मिळतात.

मोठ्या कंपन्यांच्या अशा घोषणा कधी कधी शनिवारी होतात. इन्फोसिसने सलील पारेख यांचे नाव 2 डिसेंबर 2017 ला जाहीर केले, विप्रोने श्रीनिवास पल्लिया यांचे 6 एप्रिल 2024 ला. दोन्ही दिवस शनिवार होते. बाजार बंद असतो, त्यामुळे गुंतवणूकदारांना विचार करायला वेळ मिळतो. पण कार्यालयेही बंद असतात, म्हणजे बातमी कर्मचाऱ्यांना घरीच कळते. कारखाना सहा दिवस चालणाऱ्यांनी हा दिवस जरा विचार करून निवडावा.

आपल्या हातात एकच गोष्ट असते: एक्स्चेंजवर माहिती चढल्यापासून ती आपल्या माणसांपर्यंत पोचेपर्यंतचा वेळ. तो पंधरा-वीस मिनिटांवर आणता येतो. सभेआधीचे माझे जवळपास सगळे काम या वीस मिनिटांसाठीच होते.

त्या संध्याकाळी नेमके काय काय केले?

संचालक मंडळाची बैठक आधी बुधवारी ठरली होती. आमच्या चाकणच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते. बुधवारी संध्याकाळी बातमी फुटली असती आणि चाकणची माणसे पूर्ण एक दिवस घरी बसून तर्क करत राहिली असती. कंपनी सेक्रेटरींना हे सांगितले आणि बैठक शुक्रवारी दुपारी चारला घेतली.

बैठक सव्वापाचला संपली. पाच चाळीसला कंपनी सेक्रेटरींनी दोन्ही एक्स्चेंजवर माहिती चढवली आणि पोच मिळताच मला फोन केला. तो फोन येईपर्यंत कोणालाही काही पाठवायचे नाही, हे आम्ही दोघींनी ठरवून ठेवले होते. पावणेसहाला खातेप्रमुखांचा दहा मिनिटांचा फोन झाला. अध्यक्ष स्वतः बोलले. पाच पंचावन्नला सगळ्यांना मेल आणि मोबाइलवर संदेश गेला. शॉप फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, म्हणून दोन्ही कारखान्यांत मराठी आणि हिंदी पत्र सूचना फलकावर लावले आणि दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरांनी लाइनवर जाऊन ते वाचून दाखवले. त्यांना पत्र देतानाच सांगितले होते की प्रश्न आले तर लिहून घ्या, उत्तर द्यायच्या फंदात पडू नका.

पत्र अर्ध्या पानाचे होते. कोण जाणार, कधीपर्यंत राहणार, कोण येणार, कधी रुजू होणार आणि सभा कधी, एवढेच त्यात होते.

हे सगळे आधी कोणाकोणाला माहीत असते?

जितक्यांना सांगितल्याशिवाय काम अडेल, तितक्यांनाच. आणि प्रत्येकाची नोंद करावी लागते. कंपनीकडे एक डिजिटल नोंदवही असते. ज्याला ही माहिती दिली त्याचे नाव, पॅन आणि दिल्याची वेळ त्यात चढवायची, आणि ती नोंद मागाहून बदलता येत नाही. एचआरची माणसे इथेच चुकतात. संचालक, वकील, जाहिरात संस्था यांची नावे सगळ्यांच्या लक्षात राहतात. पत्राचा मराठी अनुवाद करणारा, नव्या मॅडमचा फोटो काढणारा आणि हॉटेलचे आरक्षण करणारी सहकारी राहून जातात. आमच्या यादीत शेवटी चौदा नावे झाली, आणि अनुवाद मी स्वतः केला.

पूर्वी एका कंपनीत असताना झालेली चूक सांगते. ती माझ्याच विभागाची होती. घोषणेच्या आदल्या दिवशी आम्ही सभागृह राखून ठेवले आणि कॅलेंडरच्या नोंदीत ‘नव्या एमडींचे स्वागत’ असे शीर्षक दिले. सभागृहाचे कॅलेंडर सगळ्यांना दिसते हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. तासाभरात त्याचा फोटो फिरू लागला आणि संध्याकाळी एक्स्चेंजने कंपनीकडे खुलासा मागितला. तेव्हापासून मी अशा नोंदीला ‘तिमाही आढावा’ असे शीर्षक देते.

घोषणेनंतरही ज्यांची नावे कंपनीच्या ठरलेल्या यादीत असतात, त्यांना निदान 48 तास शेअरचे व्यवहार करता येत नाहीत. ही आठवण त्याच मेलमध्ये द्यावी.

घोषणा आणि ओळखीची सभा एकाच दिवशी घ्यावी का?

बाहेरून माणूस येत असेल तर बहुतेक वेळा ते जमतच नाही. आमच्या मॅडम घोषणेच्या दिवशी आधीच्या कंपनीत नोटीस पिरियडवर होत्या. दुसऱ्या कंपनीच्या नोकरीत असलेल्या व्यक्तीने आपल्या अंतर्गत सभेत बसणे कोणाच्याच हिताचे नसते. म्हणून घोषणेच्या दिवशी अध्यक्षांचे पत्र, आणि त्या रुजू झाल्या त्या दिवशी सभा, असे आम्ही केले. मध्ये चोवीस दिवस गेले.

हा मधला काळ अफवांचा असतो. दोन्ही साहेब कंपनीत असतील तर सही कोणाची चालते, हे पहिल्याच दिवशी लिहून सांगावे. टीसीएसमध्ये 16 मार्च 2023 ला के. कृतिवासन यांचे नाव सीईओ-नियुक्त म्हणून जाहीर झाले आणि 1 जूनला त्यांनी सूत्रे घेतली. आधीचे सीईओ राजेश गोपीनाथन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हस्तांतरासाठी राहणार हेही त्याच घोषणेत होते. अशा तीन तारखा आपल्याही पत्रात असल्या पाहिजेत.

ओळख कोणी करून द्यायची? एचआर प्रमुखाने की अध्यक्षांनी?

निवड का केली हे अध्यक्षांनीच सांगावे, कारण निवड त्यांच्या मंडळाने केलेली असते. माझे काम त्यानंतरचे: येणाऱ्या माणसाला आपल्या माणसांच्या ओळखीचे करून देणे. या दोन गोष्टी एकाच्याच तोंडी दिल्या की भाषण वीस मिनिटांचे होते आणि कोणी ऐकत नाही. अध्यक्ष चार मिनिटे बोलले, मी तीन.

त्या तीन मिनिटांत काय बोलायचे?

बायोडेटा वाचायचा नाही. पदव्या, पुरस्कार, परदेशातले प्रशिक्षण हे सगळे पत्रात छापलेले असते. मशीनिंग लाइनवरच्या माणसाला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: आमचे काम यांना कळते का, आणि याआधी जिथे होत्या तिथल्या माणसांशी कशा वागल्या. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला मला मेहनत करावी लागली. मॅडमच्या संमतीने मी त्यांच्या आधीच्या कारखान्यातल्या एका निवृत्त फोरमनशी फोनवर बोलले. मी सभेत जे बोलले, त्यातला भाग असा होता:

‘मॅडमनी नोकरी कास्टिंगच्या कारखान्यात सुरू केली, डाय दुरुस्तीच्या विभागात. पहिली दोन वर्षे त्या रात्रपाळीलाच होत्या. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका फोरमनना मी विचारले, त्या कशा आहेत? ते म्हणाले, रिजेक्शन वाढले की त्या आधी मशीन बघतात, माणसाकडे नंतर वळतात. त्यांनी हेही सांगितले की त्या उशिरा येणाऱ्याला दोनदाच माफ करतात. आज सकाळी पावणेसातला त्या आपल्या क्रँककेस लाइनवर होत्या. तिथे त्यांना ज्यांनी ज्यांनी अडचणी सांगितल्या, त्या त्यांनी वहीत लिहून घेतल्या आहेत. आपला कारखाना त्यांना अजून पूर्ण माहीत नाही. तो दाखवायचे काम आपले आहे.’

उशिराची गोष्ट सांगू की नको, याचा मी बराच विचार केला. मॅडमना आधी विचारले, त्या लगेच हो म्हणाल्या. फक्त चांगलेच सांगितले असते तर फोरमनचे पहिले वाक्यही लोकांना खरे वाटले नसते. आणि सकाळची लाइनवरची फेरी सभेआधी झालीच पाहिजे. निदान पन्नास माणसांनी त्यांना जवळून पाहिलेले असले की सभेत त्या परक्या राहत नाहीत.

जाणाऱ्या साहेबांबद्दल काय सांगायचे? राजीनाम्याचे खरे कारण विचारले तर?

इथे गोड शब्दांची वेगळी गोष्ट रचायची नाही, कारण ती टिकणार नाही. एमडी-सीईओसारख्या पदावरची व्यक्ती राजीनामा देते, तेव्हा तिचे राजीनामापत्र, त्यात दिलेल्या कारणांसह, राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांत एक्स्चेंजला द्यावे लागते. ते कोणीही उघडून वाचू शकतो. आपण सभेत ‘तब्येतीमुळे’ म्हटले आणि पत्रात ‘इतर संधींसाठी’ असेल, तर त्यानंतर एचआरच्या कुठल्याच नोटिशीवर लोक विश्वास ठेवणार नाहीत. मी पत्र आधी पाहिले होते. त्यातलेच कारण, त्यातल्याच शब्दांत सांगितले, आणि ‘यापलीकडचे सांगण्याचा अधिकार त्यांचा आहे’ एवढेच पुढे जोडले.

आमचे जाणारे साहेब सभेला आले, दोन मिनिटे बोलले आणि मॅडमना शेजारी बसवून घेतले. शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार मात्र आम्ही आदल्या आठवड्यात वेगळा केला होता. निरोप आणि स्वागत एकाच मंचावर घेतले की एकाच्या कौतुकात दुसऱ्याची तुलना दिसू लागते आणि मंचावरचे दोघेही अवघडतात.

साहेब नाराज होऊन गेले असतील तर त्यांना सभेला आणण्याचा आग्रह धरू नये. अध्यक्षांनी त्यांच्या कामाचा एका वाक्यात नीट उल्लेख करावा आणि पुढे जावे.

तीन पाळ्या असतील तर एक सभा कशी घ्यायची?

एकच सभा सगळ्यांसाठी घेता येत नाही, हे आधी मान्य करावे. आमची पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि दुसरी तेव्हाच सुरू होते. चाकणला सभा तीन दहा ते तीन पन्नास घेतली: वीस मिनिटे पहिल्या पाळीची, वीस दुसऱ्या पाळीची. लाइन चाळीस मिनिटे थांबली. ग्राहकाची गाडी ठरलेल्या वेळेला लागते, म्हणून उत्पादन विभागाने आठवडाभर थोडा थोडा माल पुढे काढून ठेवला होता. हे त्यांना दहा दिवस आधी सांगावे लागते. आयत्या वेळी कळले तर ते नाही म्हणतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

तिसऱ्या पाळीसाठी मॅडम रात्री बारा दहाला पुन्हा आल्या. मंच नाही, माइक नाही, कँटीनमध्ये अर्धा तास. वाळूजला व्हिडिओ जोडायचा बेत होता, पण मी तो रद्द करायला लावला. पडद्यावर पाहिलेला साहेब चाकणचाच राहतो, हे वाळूजच्या लोकांनी मला पूर्वी बोलून दाखवले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे नगरमार्गे निघून आम्ही तिथे गेलो आणि तेच सगळे पुन्हा केले.

मॅडमना मराठी येत नाही. दोन वाक्ये पाठ करून घ्यावीत का?

मी घेतली नाहीत. त्या साध्या हिंदीत बोलल्या, सावकाश, आणि प्रत्येक मुद्द्यानंतर थांबल्या. चाकणला उत्तर प्रदेश आणि ओडिशातली मुलेही बरीच आहेत, त्यांनाही ते सोयीचे पडले. वाळूजला एका ज्येष्ठ कामगाराने मराठीतच प्रश्न विचारला. मी अनुवाद करू लागले तर त्या म्हणाल्या, थोडे कळले, पूर्ण सांगा. लोकांना ते आवडले. ‘जय महाराष्ट्र’ने सुरुवात करून पुढे इंग्रजीत स्लाइड वाचणारे साहेबही मी पाहिले आहेत. त्या एका शब्दाने काहीच साधत नाही.

प्रश्नोत्तरांत कोणी काही विचारतच नाही. किंवा एकदम अवघड प्रश्न येतो. काय करावे?

पाचशे माणसांसमोर हात वर करून नव्या साहेबाला प्रश्न विचारायला कोणी सहसा धजत नाही. म्हणून सभेच्या चार दिवस आधी दोन्ही कारखान्यांत, कँटीनच्या दारापाशी पेट्या ठेवल्या. नाव लिहिण्याची सक्ती नव्हती. चाकणच्या पेटीत 63 चिठ्ठ्या आल्या. अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्यांत तीनच गोष्टी होत्या: पगारवाढ थांबणार का, कंत्राटी मुलांना कायम करणार का, आणि वाळूजला नवी लाइन येणार का.

मी चिठ्ठ्या तशाच, न गाळता, मॅडमना दिल्या आणि एकच विनंती केली: सर्वांत अवघड प्रश्न पहिला घ्या. सोपा प्रश्न पहिला घेतला तर प्रश्न निवडून आणले आहेत, असे लोक समजतात आणि उरलेली उत्तरे ऐकतही नाहीत.

उत्तरांची तयारी करताना आम्ही प्रत्येक प्रश्नाला एक खूण केली. काहींचे उत्तर आजच ठाऊक होते, तिथे ते सरळ द्यायचे. काहींचे ठाऊक नव्हते, तिथे कोणत्या तारखेला देणार ते सांगायचे. आणि काहींचे देताच येत नव्हते. नव्या लाइनचा प्रश्न या शेवटच्या गटातला. मोठ्या विस्ताराचा निर्णयही शेअरच्या किमतीवर परिणाम करणारी माहिती आहे. नवा सीईओ उत्साहाच्या भरात सभेत ‘पुढच्या वर्षी वाळूज दुप्पट करू’ म्हणाला, तर कंपनीला त्याच दिवशी एक्स्चेंजकडे धावावे लागेल. पाचशे मोबाइल असलेल्या सभेत खासगी असे काही राहत नाही. मॅडम म्हणाल्या, ‘याबद्दल मी आज हो म्हटले तरी अडचण, नाही म्हटले तरी अडचण. निर्णय होईल त्या दिवशी, बाजाराला कळल्यावर अर्ध्या तासात तुम्हाला कळेल.’ घोषणेच्या संध्याकाळी आम्ही तसेच वागलो होतो, म्हणून लोकांनी हे उत्तर मान्य केले.

कंत्राटी मुलांच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही, सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. ती मी त्याच दिवशी फलकावर लिहून लावली.

त्यांचा पगार किती, असे विचारले तर?

विचारतात, आणि त्यात गैर काही नाही. एमडी संचालक मंडळावर असतील तर त्यांच्या नेमणुकीला तीन महिन्यांत किंवा पुढच्या सर्वसाधारण सभेत, जे आधी येईल तेव्हा, भागधारकांची मंजुरी घ्यावी लागते. त्या सभेच्या सूचनेत मोबदला लिहिलेला असतो. शिवाय प्रत्येक संचालकाचा मोबदला कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या मोबदल्याच्या किती पट आहे, हेही दरवर्षीच्या अहवालात छापावे लागते. कुठे पाहायचे तेवढे सांगावे.

याच कारणाने सभेत ‘मॅडमची पाच वर्षांसाठी पक्की नेमणूक झाली’ असे म्हणू नये. मंडळाने नेमले आहे, भागधारकांची मंजुरी बाकी आहे, असे म्हणावे.

युनियनला आधी भेटवावे का?

हो, त्याच दिवशी सकाळी, सभेआधी. आम्ही पदाधिकाऱ्यांना वीस मिनिटे दिली, त्यात वाटाघाट काहीच नव्हती. त्यांचा एकच प्रश्न होता: चालू वेतन करार पाळणार ना? करार कंपनीशी झालेला असतो, एमडींशी नाही, त्यामुळे माणूस बदलल्याने तो बदलत नाही. हे वाक्य मॅडमनी त्यांच्यासमोर आणि नंतर सभेतही म्हटले. ते फक्त एचआरच्या तोंडून आले असते तर पुरेसे झाले नसते.

सभा नीट झाली की नाही, हे कसे कळते?

टाळ्यांवरून कळत नाही. नव्या साहेबासाठी टाळ्या वाजतातच. मी पुढचे दोन आठवडे दुपारी कँटीनमध्ये जेवले. पहिल्या दिवशी लोक मला विचारत होते, ‘मॅडम कोणाला काढणार का?’ आठवड्याने प्रश्न बदलला: ‘वहीत लिहून घेतले होते त्या कूलंटच्या वासाचे काय झाले?’ माणसे आपल्या कामाचे विचारू लागली, तेव्हा मला सभा त्यांच्यापर्यंत पोचली असे वाटले. उलट सुपरवायझर ‘वरून काय चालले आहे’ असे विचारत राहिले, तर काहीतरी सांगायचे राहिले आहे असे धरून चालावे.

दुसरीकडेही लक्ष ठेवावे लागते. जाणाऱ्या साहेबांच्या अगदी जवळ काम केलेले पाच-सहा जण असतात. त्यांना वाटते की आता आपला नंबर. त्यांच्यापैकी दोघांनी सभेनंतर माझ्याशी बोलणेच टाळले. मी मॅडमना सांगून पहिल्या दहा दिवसांत त्या प्रत्येकाशी त्यांची वेगळी भेट घडवली. एक जण तरीही गेला, त्याचे आधीच ठरले होते. बाकीचे आहेत.

फलकावर मी उत्तर बाकी असलेल्या प्रश्नांची यादी लावली होती. सभेच्या दिवशी त्यात अकरा प्रश्न होते. आज तीन उरले आहेत, आणि कंत्राटी मुलांची तारीख पुढच्या सोमवारी आहे.